उशिरा घरी आलेल्या मुलाचा लळा

दत्तक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुपट्यात गुंडाळलेले तान्हे बाळ येते. महाराष्ट्राच्या इतिहासातले प्रसिद्ध दाखले मात्र जाणत्या मुलांचे आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या गोपाळरावांना बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी १८७५ साली दत्तक घेतले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. तेच पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड म्हणून ओळखले गेले. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले ते दहाव्या वर्षात. तेच राजर्षी शाहू. त्या काळी दत्तक घेतला जाई तो गादीसाठी, वतनासाठी, वंशासाठी. मुलाला घराचा लळा लागेल की नाही, हा प्रश्न दत्तविधानात कोणी विचारत नसे.

आज हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो, आणि बहुतेक वेळा तो घरातले आजी-आजोबा विचारतात. मुलगा-सून पाच, सहा किंवा आठ वर्षांचे मूल दत्तक घ्यायचे ठरवतात आणि आजी दवाखान्यात हलक्या आवाजात म्हणते, "डॉक्टर, लहान असतं तर आपल्या हाताखाली वाढलं असतं. एवढ्या मोठ्या मुलाला आपला लळा लागेल का हो?" वाचकहो, या प्रश्नात शंका आहे तशी काळजीही आहे. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

मोठेच मूल का?

काही दांपत्ये स्वेच्छेने मोठे मूल निवडतात. काहींच्या बाबतीत वयाचा नियम ते ठरवतो. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे 'कारा', यांच्या २०२२ च्या नियमावलीत पतिपत्नींच्या वयांची बेरीज पाहिली जाते. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ही बेरीज ८५ पेक्षा अधिक चालत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि आठ ते अठरासाठी ११० ही मर्यादा आहे. समजा, पती ४८ वर्षांचा आणि पत्नी ४६ वर्षांची आहे. बेरीज होते ९४. या दांपत्याला चार वर्षांखालील मूल मिळणार नाही. चार ते आठ या वयोगटातले मिळू शकेल. उशिरा झालेली लग्ने आणि वंध्यत्वाच्या उपचारांत गेलेली वर्षे पाहता, अशी बेरीज आता दुर्मीळ राहिलेली नाही.

मोठ्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वेगळी असते. बाल न्याय कायद्यानुसार दत्तकाचा आदेश देताना मुलाचे वय व समज लक्षात घेऊन त्याची इच्छाही विचारात घ्यावी लागते. तान्ह्या बाळाला आपण घरी आणतो. सहा वर्षांचे मूल स्वतःच्या पायांनी चालत येते, आणि येताना मागे काहीतरी सोडून येते. पुढचे सारे समजून घेण्यासाठी हे ध्यानात ठेवावे.

वयापेक्षा मागचा काळ महत्त्वाचा

बाळ रडते, कोणीतरी येते, उचलते, पाजते. पहिल्या वर्षात हे हजारो वेळा घडते आणि त्यातून बाळाची एक खात्री बनते : मला गरज पडली की माझे माणूस येते. लळ्याचे मूळ या खात्रीत असते. ती एका किंवा दोन-तीन ठरावीक माणसांभोवतीच रुजते. दर पाळीला बदलणाऱ्या दहा-वीस माणसांभोवती ती रुजणे कठीण जाते, मग ती माणसे कितीही प्रेमळ असोत.

या विषयावरचा एक जुना आणि बोलका अभ्यास लंडनमधला आहे. बार्बरा टिझार्ड आणि जिल हॉजेस यांनी तेथील बालसंगोपन केंद्रांत वाढलेल्या मुलांचा सोळाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. त्या केंद्रांत खाणेपिणे चांगले होते, खेळणी व पुस्तके होती. परंतु सांभाळणाऱ्या स्त्रिया सतत बदलत आणि त्यांनी मुलांत फार गुंतू नये अशी अपेक्षा असे. यांपैकी काही मुले दोन वर्षांची होऊन गेल्यावर दत्तक गेली, तर काही आपल्या जन्मदात्या घरी परत गेली. सोळाव्या वर्षी दिसले ते असे. दत्तक गेलेल्या बहुतेक मुलांचे आईवडिलांशी घट्ट नाते जुळले होते. जन्मदात्यांकडे परतलेल्या मुलांपेक्षाही अधिक घट्ट. दत्तक घेणाऱ्यांना ते मूल मनापासून हवे होते आणि त्यांनी त्याला वेळ दिला होता, हे त्याचे कारण मानले गेले. परंतु घराबाहेर याच मुलांना समवयस्कांशी मैत्री करणे जड जात होते आणि मोठ्यांचे लक्ष वेधून घेण्याची त्यांची धडपड इतरांपेक्षा जास्त होती.

१९८९ च्या अखेरीस रुमानियात सत्तापालट झाल्यावर तेथील अनाथालयांची भीषण अवस्था जगापुढे आली आणि अनेक मुले ब्रिटनमध्ये दत्तक गेली. मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा तारुण्यापर्यंत पाठपुरावा केला. सहा महिन्यांचे होण्याआधी बाहेर पडलेली मुले जवळजवळ इतर मुलांसारखीच वाढली. त्याहून अधिक काळ तेथे काढलेल्या मुलांपैकी अनेकांत चंचलता आणि परक्यांशीही सलगी करण्याची सवय मोठेपणीही टिकून राहिली. तरीही या दुसऱ्या गटातली साधारण पाचांतली एक व्यक्ती पूर्णपणे निर्वेध वाढली होती.

या दोन्ही अभ्यासांतून माझ्या मते एकच व्यावहारिक गोष्ट घ्यावी. दत्तक येतानाचे वय म्हणजे केवळ आकडा आहे. त्या वयापर्यंतची वर्षे कशी गेली, हे अधिक महत्त्वाचे. सहा वर्षांची दोन मुले डोळ्यांपुढे आणा. पहिले पाच वर्षांपर्यंत आजीच्या कुशीत वाढले, आजी गेल्यावर वर्षभर बालगृहात राहिले. दुसरे जन्मापासून संस्थेतच आहे. नव्या घरी आल्यावर पहिले मूल रात्री रडेल, जेवणार नाही, "मला परत नेऊन सोडा" म्हणेल. दुसरे हसतमुखाने सगळ्यांच्या मांडीवर बसेल. पाहुण्यांना वाटेल, दुसरे किती लवकर रुळले! डॉक्टर म्हणून मला पहिल्याचा भरवसा जास्त वाटतो. त्याने एकदा कोणावर तरी जीव लावलेला आहे; तो हरवला म्हणून ते रडते आहे. दुःख ओसरले की तोच जीव ते पुन्हा लावू शकेल. दुसऱ्याला मात्र 'आपले माणूस' आणि 'कोणीही माणूस' यांतला फरक आता प्रथमच शिकायचा आहे.

म्हणून मूल घरी येण्यापूर्वी संस्थेकडून वैद्यकीय अहवाल व बाल-अध्ययन अहवाल मिळतो, तो वाचताना वजन-उंचीबरोबर पुढील गोष्टी विचाराव्यात : मूल संस्थेत केव्हा आले? त्याआधी कोणाजवळ होते? किती जागा बदलल्या? एखादी ताई किंवा मावशी त्याच्या विशेष जवळची आहे का? झोपताना त्याला काय लागते? वैद्यकीय अहवाल आपल्या विश्वासातल्या डॉक्टरांनाही दाखवावा.

एका घरातली दोन वर्षे

आता एक उदाहरण क्रमाने पाहू. माझ्या परिचयातल्या काही कुटुंबांचे अनुभव एकत्र गुंफून आणि ओळख पटणार नाही असे बदल करून ते सांगतो आहे.

मुलगी साडेसहा वर्षांची. तीन वर्षांची असल्यापासून संस्थेत. त्याआधीचे फारसे काही ठाऊक नाही. घरात आईवडील, आजी आणि आजोबा. पहिले चार आठवडे अगदी सुरळीत गेले. ताट धुऊन ठेवणारी, "हो" शिवाय दुसरा शब्द न बोलणारी मुलगी पाहून आजी शेजारणींना सांगू लागली, "आमची फार गुणाची आहे." हा काळ पाहुणेपणाचा असतो. मूल नियम न्याहाळत असते आणि पाठवून दिले जाऊ नये म्हणून जपून वागत असते. ते गुणी असेलही, पण त्या वागण्यामागे भीती आहे.

याच काळात आजीला उशीच्या अभ्र्यात दोन वाळक्या पोळ्या आणि अर्धा लाडू सापडला. आजी दुखावली : "आम्ही हिला उपाशी ठेवतो का?" अन्न लपवणे ही चोरी नव्हे. संस्थेत जेवण ठरल्या वेळी मिळते, मधे मागून मिळत नाही. त्यातून उद्याची तरतूद करण्याची सवय लागते. येथे रागावून उपयोग होत नाही आणि सारखे "घे गं, खा गं" करूनही नाही. त्या घराने एक छोटा डबा तिच्या नावाने ठेवला. त्यात चणे, शेंगदाण्याचा लाडू, केळे असे काहीतरी नेहमी असे आणि तिने केव्हाही विचारल्याशिवाय घ्यावे असे ठरले. सुरुवातीला डबा दिवसाला दोनदा रिकामा होई. साधारण तीन महिन्यांनी तो भरलेलाच राहू लागला.

दुसऱ्या महिन्यात वादळ सुरू झाले. केस विंचरताना किंचाळणे, वह्या फाडणे, "तू माझी आई नाहीस" असे तोंडावर म्हणणे. आणि हे सारे फक्त आईशी! आजोबांशी हसणे-खेळणे, आजीच्या हातून मुकाट्याने जेवणे. येथे अशा घरांतली सर्वांत नाजूक वेळ येते. आजीला मनापासून वाटू लागते की सुनेला मूल सांभाळता येत नाही. आपल्याजवळ तर ते शहाण्यासारखे वागते. सुनेला वाटते, आपण नापास झालो. प्रत्यक्षात घडत असते ते उलटे. पूर्वी जिच्यावर विसंबले ती गेली, हा मुलीचा अनुभव. म्हणून जिच्यावर आता विसंबावेसे वाटते, तिलाच ती तपासून पाहते : मी इतकी वाईट वागले तरी तू राहशील का? ज्याच्याकडून धोका वाटत नाही, त्याच्याशी गोड वागणे सोपे असते.

अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांना मी एक कठीण गोष्ट सांगतो. पहिले दोन-तीन महिने भरवणे, न्हाऊ घालणे, लागले-खुपले तर फुंकर घालणे आणि झोपवणे ही कामे शक्यतो आईवडिलांनीच करावीत. मूल आजीकडे काही मागायला आले, तर आजीने म्हणावे, "चल, आपण आईला सांगू," आणि हात धरून आईपाशी न्यावे. नातवंडाला जवळ घेण्यासाठी वर्षानुवर्षे आसुसलेल्या आजीला हे फार जड जाते, याची मला जाणीव आहे. परंतु ज्या मुलाने एका वेळी दहा माणसांकडून थोडे थोडे घेतले, त्याला आधी एका-दोघांकडून भरपूर घ्यायला शिकायचे असते. तेवढे साधले की आजी-आजोबांसाठी जागा आपोआप होते. तोवर आजीने स्वयंपाकघर सांभाळून सुनेला मुलीपाशी बसायला मोकळे करावे, हीच नातीची मोठी सेवा.

आणखी एक पथ्य. मुलीसमोर सुनेला दुरुस्त करू नये. "अगं, असं नाही, मी दाखवते" हे एरवी निरुपद्रवी वाटणारे वाक्य मुलीला सांगून जाते की ही बाई इथली खरी आई नाही.

चौथ्या-पाचव्या महिन्यात मुलगी बोबडे बोलू लागली. वरणभाताचे घास भरवून घेऊ लागली, आईच्या पदरात डोके खुपसून "मी बाळ आहे" म्हणू लागली. आजोबा घाबरले : बुद्धीत काही दोष तर नाही? तसे काही नव्हते. जे लाड तिला योग्य वयात मिळाले नव्हते, ते ती आता मागत होती. शाळेतली प्रगती आणि इतर व्यवहार ठीक चालले असतील, तर हे लाड पुरवावेत. काही महिन्यांत मूल स्वतःच त्यातून बाहेर येते. येथे तसेच झाले.

वर्ष संपता संपता बदल दिसू लागला, पण सरळ रेषेत नव्हे. खेळताना गुडघा फुटला तेव्हा अंगणातल्या तीन बायकांना ओलांडून ती रडत आईकडे धावली. घरच्यांना ही साधी घटना वाटली; मला ती फार मोलाची वाटली. दुखले की ठरावीक माणसाकडे धाव घेणे हीच लळ्याची खूण आहे. गळ्यात पडणे किंवा "आई" म्हणणे ही ती खूण नव्हे. संस्थेतली मुले हे कोणाशीही करतात. मात्र त्याच महिन्यात आईला दोन दिवस परगावी जावे लागले, तेव्हा उशीखाली पुन्हा पोळी सापडली.

असे मागे जाणे म्हणजे केलेले सारे वाया गेले, असे नाही. लंडनमध्ये चार ते आठ वर्षांच्या वयात दत्तक गेलेल्या मुलांचा एक अभ्यास झाला. मुलांना बाहुल्यांच्या साह्याने एखाद्या गोष्टीची सुरुवात करून देत आणि पुढची गोष्ट मुलांनी पुरी करायची. पहिल्या काही महिन्यांत त्यांच्या गोष्टींत संकट आले की मोठी माणसे मदतीला येत नसत. दोन वर्षांत मदतीला येणारे आईबाप त्या गोष्टींत वाढले. परंतु भीतीच्या, मारहाणीच्या, हरवण्याच्या गोष्टी त्या मानाने फारशा कमी झाल्या नाहीत. म्हणजे नवा विश्वास जुन्या भीतीच्या शेजारी येऊन बसतो. जुनी भीती पुसून तो येत नाही. ताण आला की जुने वर येते. तान्हेपणी आलेल्या मुलात आणि सहाव्या वर्षी आलेल्या मुलात मुख्य फरक मला येथे दिसतो. घरच्यांनी याचीच मनाची तयारी ठेवावी.

शरीराकडेही लक्ष हवे

लळ्याची चिंता करताना शरीर विसरू नये. मूल आल्यावर पहिल्या पंधरवड्यात बालरोगतज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी. रक्तातील हिमोग्लोबिन, क्षयरोग, कावीळ ब व एचआयव्ही यांच्या चाचण्या, जंत, दात, दृष्टी आणि विशेषतः श्रवण पाहावे. ऐकू कमी येणारे मूल 'हट्टी' ठरल्याचे दाखले मी पाहिले आहेत. लसीकरणाची विश्वासार्ह नोंद नसेल, तर वयानुसार लसी पुन्हा द्याव्या लागतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

सापडलेल्या मुलाचे वय पुष्कळदा अंदाजाने लिहिलेले असते. अंगापिंडाने लहान मूल कागदावर पाचचे आणि प्रत्यक्षात सातचे असू शकते. त्यामुळे शाळेतली इयत्ता ठरवताना घाई करू नये. वर्षभर खालच्या इयत्तेत बसल्याने नुकसान होत नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींच्या अभ्यासात त्यांना पाळी सरासरी साडेअकराव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे अपेक्षेपेक्षा लवकर आल्याचे आढळले. ज्या मुली मोठ्या वयात गेल्या आणि जाऊन झपाट्याने वाढल्या, त्यांत हे अधिक होते. कुपोषणानंतर एकदम चांगला आहार मिळाला की शरीर घाईने मोठे होऊ लागते, असा त्याचा अर्थ लावला जातो. पाळी लवकर आली की उंचीची वाढही लवकर थांबते. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी उंची व वजन नोंदवावे आणि आठ वर्षांच्या आत छातीची वाढ दिसू लागली, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे. यासाठी खाणे कमी करू नये. फक्त "अंग धरलं पाहिजे" म्हणून तूप-साखरेचा मारा टाळावा.

मदत केव्हा घ्यावी?

रडणे, संताप, अंथरूण ओले होणे, अन्न लपवणे ही पहिल्या वर्षातली नेहमीची लक्षणे होत. पुढील गोष्टी मात्र घरगुती उपायांवर सोडू नयेत : मूल स्वतःला किंवा लहान भावंडाला अथवा प्राण्याला इजा करते, सहा महिन्यांनंतरही रस्त्यावरच्या परक्या माणसाचा हात धरून सहज चालू लागते, कितीही लागले तरी कोणाकडेच जात नाही, रडत नाही, किंवा वयाला न शोभणारे लैंगिक वर्तन करते. हे शेवटचे लक्षण पूर्वी झालेल्या अत्याचाराची खूण असू शकते. तेथे मुलाला दोष न देता बालमानसतज्ज्ञांकडे जावे. दत्तकानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा करण्याची तरतूद नियमांत आहे. त्या वेळी घरी येणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांना "सगळं छान आहे" एवढेच सांगून पाठवू नये. अडचण सांगितली म्हणून मूल काढून घेतात, हा गैरसमज आहे. अडचण दडवल्याने नाते तुटण्याच्या टोकाला जाते.

आणि घरच्यांनीही आपली प्रकृती पाहावी. पहिल्या वर्षात आईची झोप उडणे, खिन्नता येणे, "मला हिच्याविषयी प्रेम वाटत नाही" असे अपराधी विचार येणे, हे बाळंतपणानंतरच्या नैराश्यासारखेच असते आणि त्यावर उपचार असतात. सुनेने असे काही बोलून दाखवले, तर "एवढी हौस होती ना?" हे वाक्य कृपया ओठांवर आणू नये.

मागच्या आयुष्याचे काय?

तान्ह्या बाळाच्या बाबतीत घर आठवणी पुरवते. मोठ्या मुलाजवळ स्वतःच्या आठवणी असतात आणि त्यांवर पांघरूण घातले तरी त्या जात नाहीत. पुष्कळ आजी-आजोबांना वाटते, मागचे काही काढू नये, विसरेल हळूहळू. मूल विसरत नाही; ते फक्त या घरात तो विषय बोलायचा नसतो हे शिकते. म्हणून त्याचे नाव शक्यतो बदलू नये. नावच कधीकधी त्याने सोबत आणलेली एकमेव वस्तू असते. संस्थेतून त्याचे फोटो, एखादा जुना फ्रॉक, मैत्रिणींची नावे मागून घ्यावीत आणि एका वहीत चिकटवून ती वही मुलाच्या हाती लागेल अशी ठेवावी. जवळच्या ताईला फोन करू द्यावा. त्याने जुन्या घराविषयी विचारले तर ठाऊक असेल तेवढे खरे सांगावे, आणि ठाऊक नसेल तेथे "ते आम्हालाही माहीत नाही, बाळा" असे म्हणावे.

जिने-ओसरीवरच्या चौकश्यांची तयारीही आजी-आजोबांनीच करून ठेवावी, कारण "कुठून आणली? कोणाची आहे?" हे प्रश्न त्यांनाच विचारले जातात, आणि बहुधा मुलीच्या देखत. त्या उदाहरणातल्या आजीने स्वतःचे उत्तर ठरवले होते. ती मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, "ही आमची नात. बाकीचं तिचं ती मोठी झाली की सांगेल, वाटलं तर." पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मुलगी आजीकडे पाहत राहिली. त्या रात्री आईने झोपवल्यावर ती उठून आजीच्या खोलीच्या दाराशी आली आणि म्हणाली, "आजी, तू पण झोपलीस का?"